इंग्लंडला निघालेल्या गणिताच्या मॅडमचा राजीनामा: एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. मॅडम गणिताच्या. 2013 ला शिक्षणसेवक म्हणून लागल्या, तीन वर्षं झाल्यावर कायम झाल्या. नाव, गाव, संस्था इथे मुद्दाम लिहीत नाहीये आणि एकदोन तपशील बदललेत, पण तारखा आणि हिशोब जसा घडला तसाच ठेवलाय कारण सगळा खेळ तारखांचाच होता. मी शाळेच्या ऑफिसात बरीच वर्षं सेवापुस्तकं, पगारबिलं बघितली आहेत त्यामुळे मॅडम कागद दाखवायला माझ्याकडे यायच्या.

2023 च्या फेब्रुवारीपासून इंग्लंडने भारतासह काही देशांतल्या शिक्षकांना तिथली शिक्षकाची पात्रता, ज्याला क्यूटीएस म्हणतात, ती इथल्या पदवी आणि अनुभवावर मिळवायची सोय केली. भारतातल्या शिक्षकांसाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती, आणि 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. मॅडम बीएस्सी बीएड, दहावीला दहा वर्षं शिकवलेलं, म्हणजे बरोब्बर बसत होत्या. अर्ज केला, पात्रता मिळाली, ऑनलाइन इंटरव्ह्यू झाले आणि मार्च 2024 मध्ये तिथल्या एका माध्यमिक शाळेचं ऑफर लेटर आलं. रुजू व्हायची तारीख 2 सप्टेंबर.

अडचण कुठे होती

सगळ्यांना वाटतं राजीनामा म्हणजे एक पत्र लिहायचं, साहेबांच्या टेबलावर ठेवायचं आणि पेढे वाटायचे. खाजगी शाळेत, अनुदानित असो की विनाअनुदानित, तसं नसतं. महाराष्ट्रात 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखालची 1981 ची नियमावली आहे, त्यातला नियम 40 राजीनाम्याचा. कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची. आधी जायचं असेल तर संस्था परवानगी देऊ शकते, पण जेवढे दिवस कमी पडतात तेवढ्या दिवसांचं मूळ वेतन, भत्ते सोडून, भरावं लागतं.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. सुट्टी मिळणाऱ्या कर्मचाऱ्याने सुट्टीत नोटीस द्यायची नाही, आणि सुट्टीचा कुठलाही भाग नोटिशीच्या काळात येईल अशीही द्यायची नाही. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आतही द्यायची नाही. कारण सरळ आहे, सुट्टीचा पगार घ्यायचा आणि जूनमध्ये वर्ग वाऱ्यावर सोडून जायचं हे होऊ नये.

आता हे कॅलेंडरवर मांडून बघा. ऑफर मार्चअखेर. 1 एप्रिलला नोटीस दिली तर तीन महिने 30 जूनला संपतात, मध्ये अख्खी मे महिन्याची सुट्टी. मे मध्ये देता येत नाही. 15 जूनला शाळा सुरू, म्हणजे 15 जुलैपर्यंत देता येत नाही. 16 जुलैला दिली तर तीन महिने संपतात 15 ऑक्टोबरला, आणि तिकडे सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू. एकही तारीख पूर्ण बसत नव्हती. नीट बसायचं तर जानेवारीच्या शेवटी नोटीस द्यायला हवी होती आणि तेव्हा हातात काहीच नव्हतं.

वर व्हिसाचा प्रश्न. तिकडच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा अर्ज कामाच्या तारखेच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. म्हणजे जूनच्या सुरुवातीशिवाय अर्जच नाही. एप्रिलमध्ये कायम नोकरी सोडायची आणि व्हिसा जुलैत कळणार, मधल्या काळात नाकारला गेला तर दोन्हीकडून गेल्या.

समोर असलेले पर्याय

पहिला, एप्रिलमध्येच राजीनामा देऊन सुट्टी लागायच्या आत मोकळं व्हायचं. मूळ वेतन तेव्हा 47,500, दोन महिने कमी पडतात म्हणजे 95,000 भरायचे, शिवाय मे ते ऑगस्टचा पगार नाही आणि व्हिसाची टांगती तलवार. शाळेच्या दृष्टीने मात्र हा सगळ्यात स्वच्छ, नवीन वर्षाची घडी नव्याने बसवता येते.

दुसरा, 16 जुलैला नोटीस आणि ऑगस्टअखेर निघायचं. व्हिसा तोवर हातात. पण दहावीचा वर्ग पहिल्या सत्राच्या मध्यात सोडावा लागणार, आणि अनुदानित शाळेतलं पद पवित्र पोर्टलवरून भरलं जातं, ते काही आठवड्यात होत नाही.

तिसरा, दोन वर्षांची बिनपगारी रजा मागायची आणि तिकडे जमलं नाही तर परत यायचं. मॅडमच्या घरच्यांचा जीव यात अडकला होता. मॅडमनीच नको म्हटलं. पद अडवून ठेवलं तर शाळेला कायम माणूस मागताच येत नाही, दोन वर्षं मुलं तासिकेवरच्या शिक्षकावर काढणार आणि आपण तिकडे पगार घेणार, हे त्यांना पटेना. मला त्यांचा हा निर्णय फार मोठा वाटला कारण मागितली असती तर रजा मिळायची शक्यता अगदीच नव्हती असं नाही.

चौथा पर्यायही कुणीतरी सुचवलाच, मेडिकल टाकून निघून जा, नंतर पोस्टाने राजीनामा पाठव. असं केलेली माणसं मी बघितली आहेत. गैरहजेरीची चौकशी लागते, सेवापुस्तक अडकतं, अनुभवाचा दाखला मिळत नाही आणि चार वर्षांनी कुठेतरी तो दाखला लागतोच.

पहिला निर्णय: मुख्याध्यापकांना आधी सांगायचं

खरं तर लपवायची सोयच नव्हती, कारण तिकडच्या शाळा नेमणुकीआधी सध्याच्या शाळेकडून रेफरन्स घेतात आणि त्याची विचारणा मुख्याध्यापकांकडे आली होती. सर समजूतदार. त्यांनी एप्रिलमध्येच विचारलं, मॅडम, जाणार हे पक्कं ना, मग आपण जूनचं वेळापत्रक त्या हिशोबाने करू. आणि तसंच केलं. दहावीचं गणित जूनपासूनच दुसऱ्या सरांकडे दिलं, मॅडमकडे आठवी आणि नववीचे वर्ग ठेवले. दुसरा पर्याय त्यामुळे चालण्यासारखा झाला. दहावीच्या मुलांचा शिक्षक वर्षाच्या मध्यात बदलला नाही, या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट मला हीच वाटते, आणि ती कुठल्याही पत्रात लिहिलेली नाही.

दुसरा निर्णय: पत्रातले शब्द

व्हिसा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला आणि मॅडम 8 जुलैची तारीख टाकलेलं पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. तारीख तर चुकलीच होती, महिना व्हायचा होता. पण मजकूरही बघा, त्यातला मुख्य भाग असा होता:

"मा. मुख्याध्यापक साहेब, सविनय सादर की, मला परदेशात उज्ज्वल संधी चालून आली असल्याने मी सेवेतून निवृत्त होऊ इच्छिते. तरी मला लवकरात लवकर कार्यमुक्त करावे ही नम्र विनंती. संस्थेचे माझ्यावरील उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

वाचायला छान आहे. नेटवर जे नमुने फिरतात ते असेच असतात. पण ऑफिसच्या नजरेने वाचलं तर यात राजीनामा हा शब्दच नाही! निवृत्त होणं ही वेगळी गोष्ट आहे, स्वेच्छानिवृत्तीला सेवेची वर्षं लागतात, पेन्शनचे नियम लागतात, अकरा वर्षांत ते होत नाही, आणि उद्या एखादा कारकून हा कागद त्याच फाइलला लावून परत पाठवेल. इच्छिते म्हणजे नुसती इच्छा कळवली, दिला असं कुठे म्हटलंय. कार्यमुक्त करणं हे संस्थेचं काम आहे, राजीनामा मंजूर झाल्यावरचं, ते राजीनाम्याच्या जागी येत नाही. लवकरात लवकर म्हणजे कधी, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवणार. आणि पत्र मुख्याध्यापकांच्या नावाने, खरं तर नेमणूक संस्थेने केली म्हणून राजीनामाही संस्थेलाच.

एका कागदात सोडणे, निवृत्त होणे, मुक्त होणे, रजा घेणे असे वेगवेगळे शब्द आले की लिहिणाऱ्याला वाटतं भाषा सुंदर झाली, पण वाचणाऱ्या ऑफिसला कळत नाही की नक्की काय मागितलंय. म्हणून ठरवलं की दोन कागद करायचे. एक राजीनामा, त्यात सोडण्यासाठी एकच शब्द. दुसरं निरोपाचं पत्र, त्यात जे मनात आहे ते सगळं, हवे तेवढे शब्द.

संधी या शब्दावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं. उज्ज्वल संधी म्हटलं की संस्थेच्या सचिवांच्या कानाला ते असं लागतं की इथे अंधार होता. मॅडमच्या मनात तसं काही नव्हतं. मग नेमणूक झाली असं लिहिलं. तो नुसता घडलेला प्रकार आहे, त्यात तुलना नाही. आणि उपकार शब्द काढला. अकरा वर्षं रोज सहा-सहा तास शिकवलं, त्याला उपकार म्हणायची गरज नाही, विश्वास दिला त्याबद्दल आभार, एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

शेवटी गेलेलं पत्र असं:

> दिनांक: 16 जुलै 2024
>
> प्रति, मा. सचिव, (संस्थेचं नाव)
> मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचं नाव)
>
> विषय: सहायक शिक्षिका पदाचा राजीनामा
>
> महोदय,
>
> मी आपल्या संस्थेच्या वरील शाळेत 2013 पासून कार्यरत असून सहायक शिक्षिका या कायम पदावर आहे. या पत्राद्वारे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.
>
> इंग्लंडमधील एका माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली असून मला तेथे 2 सप्टेंबर 2024 रोजी रुजू व्हायचे आहे. नियमानुसार माझ्या नोटिशीचा कालावधी 15 ऑक्टोबर 2024 रोजी पूर्ण होतो. तथापि मला 24 ऑगस्ट 2024 रोजी शाळा सुटल्यानंतर कार्यमुक्त करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. कमी पडणाऱ्या कालावधीचे वेतन नियमाप्रमाणे भरण्यास मी तयार आहे.
>
> हा राजीनामा मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय देत आहे. माझ्याकडील वर्गांचा अभ्यासक्रम, गुणनोंदी व साहित्य मी त्यापूर्वी लेखी सोपवीन.
>
> संस्थेने माझ्यावर टाकलेल्या विश्वासाबद्दल मी आभारी आहे.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

कायद्याच्या कलम 7 प्रमाणे पत्राच्या दोन प्रती करायच्या, दोन्हीवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे आता पोस्टात काउंटरवर विचारून पोच मिळेल असंच पाठवा.) मॅडमनी पोस्टाने पाठवलंच आणि मुख्याध्यापकांच्या आवक नोंदवहीतही नोंद करून घेतली.

निरोपाचं पत्र

हे पत्र स्टाफरूममध्ये वाचलं गेलं. ते पूर्ण देत नाही, खाजगी आहे, पण त्यांच्या परवानगीने थोडं सांगते. संस्थेसाठीच्या पत्रात जे शब्द बसत नव्हते ते सगळे इथे आले आणि प्रत्येक माणसाला वेगळा शब्द आला. ज्या जुन्या सरांनी त्यांना पहिल्या वर्षी भूमितीचे तास मागे बसून बघून सुधारून दिले त्यांना लिहिलं, "सर, तुमच्या ऋणात आहे आणि त्यातच राहणार आहे." पालकांना कृतज्ञ आहे असं लिहिलं, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या काही घरांनी मुली मागे आजीजवळ ठेवल्या, शाळा बुडू दिली नाही, आणि मॅडमच्या शब्दावर ठेवल्या. शिपाईमामांना लिहिलं, "मामा, तुमचे आभार मानले तर परकं केल्यासारखं होईल, म्हणून मानत नाही."

आणि मुलांना उद्देशून शेवटी, "जाते म्हणत नाही, येते म्हणते." आपल्याकडे घरातून निघताना कुणी जाते म्हणत नाही, त्यामुळे आठवीच्या पोरांनाही ते लगेच कळलं, दोघी-तिघी रडल्या. हेच वाक्य राजीनाम्यात असतं तर ऑफिसने विचारलं असतं की परत येणार म्हणजे रजा हवी आहे का.

मंजुरी, हिशोब आणि एक नकार

संस्थेची सभा महिन्याअखेर झाली. सचिव नाराज होते, बोलूनही दाखवलं, पण पत्रात धरायला काही नव्हतं. चांगुलपणाने एका संचालकांनी सुचवलं की मुलगी बाहेर चालली आहे, पैसे कशाला घ्यायचे, तसंच सोडू. इथे मी आणि मुख्याध्यापक दोघांनी नको म्हटलं. नोटिशीचे पैसे न घेता सोडलं तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, नियमातच आहे. म्हणजे माफ केल्यासारखं दिसतं आणि भुर्दंड शाळेला बसतो. मॅडमनी पण लगेच सांगितलं, मी भरते.

हिशोब असा. मोकळं व्हायची तारीख 24 ऑगस्ट, नोटीस संपायची तारीख 15 ऑक्टोबर. ऑगस्टचे 7 दिवस, सप्टेंबर पूर्ण, ऑक्टोबरचे 15 दिवस. मॅडमनी जुन्या मूळ वेतनावर 47,500 धरून पैसे काढून ठेवले होते, पण 1 जुलैची वेतनवाढ लागली होती आणि मूळ वेतन 48,900 झालं होतं. ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्ही 31 दिवसांचे, तर 22 दिवसांचे 34,703 आणि सप्टेंबरचे 48,900, एकूण 83,603 रुपये. पैसे भरले, पावती घेतली, पावतीची झेरॉक्स सेवापुस्तकाला लावली.

खरा ताण आला तो पतसंस्थेचा. शिक्षकांच्या पतसंस्थेचं घरदुरुस्तीचं कर्ज होतं आणि जामीनदार म्हणून त्याच स्टाफरूममधले दोन शिक्षक. कर्जाचा हप्ता पगारातून कापला जातो, पगार थांबला की वसुलीची नोटीस जामीनदारांच्या पगारावर. ना-देय दाखला मिळाल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघत नाही हे मॅडमना ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं, तेव्हा विमानाचं तिकीट काढून झालं होतं. दागिना गहाण टाकून कर्ज फेडलं. ते दहा-बारा दिवस फार वाईट गेले, घरात आणि शाळेत पण, कारण जामीनदार सर तोंडाने काही बोलत नव्हते पण रोज विचारायचे की मॅडम काय झालं.

निकाल

24 ऑगस्टला शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर कार्यमुक्तीचा आदेश, अनुभवाचा दाखला, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, एवढं हातात घेऊन मॅडम घरी गेल्या. 2 सप्टेंबरला तिकडे रुजू झाल्या. इकडे आठवी-नववीचं गणित तासिकेवर एक तरुण मुलगा शिकवतोय, बरा शिकवतो, पण त्याला मानधन वेळेवर मिळत नाही आणि पद भरलं जायची वाट सगळे बघतायत.

काय वेगळं करता आलं असतं

सचिवांना ही बातमी जूनमध्ये तिसऱ्याकडून कळली. मुख्याध्यापकांना एप्रिलपासून माहीत आणि संस्थेला नाही, यात त्यांची नाराजी रास्त होती असं मला वाटतं. एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांबरोबर जाऊन सचिवांना तोंडी सांगितलं असतं तर पदाची मागणीसुद्धा आधी पुढे सरकवता आली असती. कुणी म्हणेल व्हिसा नाही तोवर कशाला बोलायचं, पण तोंडी सांगणं म्हणजे राजीनामा नव्हे, त्याने काही बांधलं जात नाही. आणि दिलेला राजीनामासुद्धा ठरलेली तारीख यायच्या आत मागे घेता येतो हे सर्वसाधारण तत्त्व आहेच, फक्त त्यावर अवलंबून राहू नये, वाद कोर्टात गेला की वर्षं जातात.

पतसंस्थेचं मात्र ऑफर आल्या दिवशीच बघायला हवं होतं. कर्जाचा उतारा, शिल्लक रक्कम, जामीनदार कोण, हे मार्चमध्ये काढलं असतं तर मे ते जुलैच्या पगारातून बरंचसं फेडता आलं असतं आणि दागिना ठेवावा लागला नसता. जामीनदारांना तर सगळ्यात आधी सांगायला हवं, संस्थेच्याही आधी.

आणखी एक राहिलं, ते अजून चालूच आहे. 2013 ची नेमणूक म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएसचं खातं आहे. ते खातं त्यांच्याच नावावर राहतं, राजीनाम्याने बुडत नाही, पण त्यावरचा मोबाइल नंबर आणि पत्ता निघायच्या आधी बदलायला हवा होता. जुनं सिम बंद झालं, आता प्रत्येक ओटीपीसाठी अडतंय, आणि भावाला दर महिन्याला एक फेरी मारावी लागते.